लिफ्ट कशामुळे अडते? बेळगाव सीमाभागातल्या तीन बेच्या गॅरेजचं नियोजन

अंगणात आठ-दहा गाड्या उभ्या, फोन सतत वाजतोय, मिस्त्रीला जेवायला फुरसत नाही, आणि तरी महिनाअखेरीला भाडं-पगार देऊन हातात काही उरत नाही. ही तक्रार खानापूर रोडवरच्या गॅरेजवाल्याकडूनही ऐकू येते आणि निपाणी-चिकोडीकडच्याही. त्यावर बहुतेक जण एकच उपाय काढतात, तो म्हणजे कर्ज काढून आणखी एक लिफ्ट. माझं म्हणणं असं, की नवी लिफ्ट घेण्याआधी आहे त्या लिफ्टवर दिवसातले किती तास खरोखर पाना फिरतो, ते बघावं. बहुतेक ठिकाणी निम्मा वेळ गाडी नुसती लटकलेली असते. कुणी सीलची वाट बघतंय, कुणी गिऱ्हाइकाच्या फोनची, कुणी मोठ्या मिस्त्रीची.

सुट्या भागांचा साठा, कारागिरांचं कसब आणि गिऱ्हाइकाचा विश्वास हे तीन वेगळे विषय वाटतात, पण तिन्ही कमी पडले की बे, म्हणजे गाडी कामाला घ्यायची जागा, अडतो. म्हणून सुरुवात बेपासून करू आणि बाकीचं त्यातून काढू.

उदाहरणाला एक गॅरेज धरतो: बेळगावाबाहेर जुन्या पुणे-बेंगलोर रोडला लागून, सगळ्या कंपन्यांच्या कार आणि बोलेरोसारख्या गाड्या घेणारं. तीन बे आहेत: एकावर टू-पोस्ट लिफ्ट, एक खड्ड्याचा, एक सपाट. माणसं चार: एक मोठा मिस्त्री, दोन मेकॅनिक, एक हेल्पर. काउंटरवर मालक स्वतः. पुढचे आकडे याच गॅरेजचे, हिशोब समजावा म्हणून गोल धरलेले. तुमचे वेगळे येतील, पण रीत तीच.

पहिलं काम: बारा दिवसांची वही

एक वही घ्या. प्रत्येक बेला एक पान, पानावर दर अर्ध्या तासाचा एक रकाना. काउंटरवरचा माणूस दर अर्ध्या तासाने मान वर करून बघेल आणि एक अक्षर लिहील. ‘क’ म्हणजे काम चालू, ‘प’ म्हणजे पार्टची वाट, ‘ग’ म्हणजे गिऱ्हाइकाच्या होकाराची वाट, ‘म’ म्हणजे मोठ्या मिस्त्रीची वाट, ‘र’ म्हणजे बे रिकामा. मेकॅनिककडून लिहून घेऊ नका, तो सगळीकडे ‘क’ लिहील आणि त्यात त्याचा दोषही नाही. ही नोंद पगाराशी जोडलेली नाही, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून टाका, नाहीतर साहेब आले की सगळे पाने उचलतील.

तीन बे, रोज आठ तास, बारा दिवस म्हणजे 288 तास. आपल्या गॅरेजची वही अशी निघाली, धरा: काम 150 तास, पार्टची वाट 58, गिऱ्हाइकाची 30, मिस्त्रीची 22, रिकामा 28. कामाचं प्रमाण 52 टक्के. रिकाम्या बेपेक्षा अडलेला बे चौपट आहे, इकडे लक्ष द्या. म्हणजे गिऱ्हाईक कमी नाही, आत आलेली गाडी बाहेर पडत नाही.

आता याचा पैसा काढा. भाडं, पगार, वीज, लिफ्टचा हप्ता, किरकोळ धरून महिन्याचा बांधील खर्च 1,20,000 रुपये. महिन्याला 26 दिवस धरले तर बेचे तास 624. सगळे कामाचे असते तर बेचा एक तास 192 रुपयांना पडला असता. 52 टक्क्यांवर तोच तास 370 रुपयांना पडतो. मजुरीचा दर ठरवताना शेजारचा किती घेतो ते बघण्यापेक्षा हा आकडा समोर ठेवा. वाट बघण्याचे तास निम्मे झाले तर कामाचं प्रमाण 71 टक्क्यांवर जातं आणि तास 271 रुपयांवर येतो. एकही नवीन गिऱ्हाईक न आणता तासामागे शंभर रुपये सुटतात.

साठा: महागाच्या पार्टपेक्षा अडवणारा पार्ट

पार्टच्या वाटेचे 58 तास आणखी फोडा. प्रत्येक ‘प’पुढे कुठला पार्ट, ते लिहिलेलं असेल तर हे पाच मिनिटांचं काम आहे. आपल्या उदाहरणात 31 तास किरकोळ पार्टांनी खाल्ले, 17 तास चुकीचा पार्ट आल्यामुळे गेले, आणि खरोखर बाहेरगावाहून मागवलेल्या मोठ्या पार्टमुळे फक्त 10.

बहुतेक गॅरेजांत असंच निघतं, कारण क्लच सेट किंवा शॉकअप लागणार हे आधी ठाऊक असतं, तो फोन करून मागवला जातो. अडतं ते गिअरबॉक्स खाली उतरवल्यावर दिसलेलं ड्राइव्ह शाफ्टचं ऑइल सील, कॅलिपर उघडल्यावर फाटलेला पिनचा रबर बूट, ब्रेक होजचा तांब्याचा वॉशर, कूलंट होजचा क्लॅम्प, टॅपेट कव्हरचं गॅस्केट, बंपरच्या क्लिपा. शे-दोनशेचा जिन्नस असतो, पण गाडी उघडलेली असते, तिला हलवता येत नाही. संध्याकाळी दुकान बंद झालेलं असलं तर दुसऱ्या दिवशी दहापर्यंत लिफ्ट गेली.

म्हणून साठ्याचे तीन भाग करा, आणि ते किमतीवरून नको, कामावरून.

पहिला भाग ‘अडवणारे’. मागच्या सहा महिन्यांची बिलं काढा आणि तुमच्याकडे सगळ्यात जास्त येणारी सहा-सात मॉडेलं निवडा. या भागात मारुतीच्या पेट्रोल गाड्या, जुनी डिझेल स्विफ्ट-डिझायर, बोलेरो, एखादी ह्युंडाई आणि टाटा, असं काहीसं निघेल. त्या प्रत्येक मॉडेलच्या सीलांचे, गॅस्केटांचे, बूट-क्लॅम्पचे दोन-दोन नग ठेवा. एक लागला की दुसरा मागवायचा. सगळं मिळून एका चांगल्या क्लच सेटच्या दोन-तीनपट रक्कम अडकेल, आणि वहीतले बरेचसे ‘प’ त्यातच जातील.

दुसरा भाग ‘चालणारे’: ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, ब्रेक पॅड, स्पार्क प्लग, वायपर, बल्ब, ऑइल, कूलंट. इथे हिशोब लावता येतो. समजा मारुती पेट्रोलचा एक ऑइल फिल्टर रोज सरासरी एक जातो. पुरवठादाराची गाडी आठवड्यातून एकदा येते, म्हणजे सहा कामाचे दिवस. वर तीन नग गर्दीसाठी. मग नऊ नग उरले की मागणी नोंदवायची. त्या खणावर मोठ्या अक्षरात ‘9’ लिहून ठेवा, हेल्परनेही सांगितलं पाहिजे की “मालक, नऊवर आला.” संगणक असला तर उत्तम, नसला तरी खणावर अडकवलेल्या पुठ्ठ्यावर तारीख, आले, गेले, शिल्लक आणि गाडी नंबर एवढं लिहिलं तरी चालतं. गाडी नंबर मात्र सोडू नका. महिनाअखेरीला शिल्लक जुळली नाही तर पार्ट कुठे गेला ते त्यावरूनच कळतं, आणि बऱ्याचदा तो चोरीला गेलेला नसतो, बिलात लावायचा राहिलेला असतो.

तिसरा भाग ‘न ठेवायचे’: क्लच सेट, शॉकअप, रेडिएटर, अल्टरनेटर. यांचा साठा करू नका, माहितीचा साठा करा. कुठला पार्ट बेळगावातल्या दुकानात तासाभरात मिळतो, कुठला हुबळीहून, कुठला कोल्हापूरहून दुसऱ्या दिवशी येतो, हे एका कागदावर. सीमाभागात आपल्याला दोन बाजारपेठा आहेत हा फायदा आहे, पण त्यात एक मेख आहे. 2022 च्या डिसेंबरात आणि 2025 च्या फेब्रुवारीत सीमेवर वातावरण तापलं तेव्हा दोन्ही राज्यांमधली एसटी वाहतूक थांबली होती. बसने पार्सल मागवणाऱ्याचा माल अशा वेळी पलीकडेच राहतो. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या पार्टला एक सोर्स कोल्हापूरचा आणि एक हुबळी किंवा बेळगावचा ठेवाच, मग पलीकडचा दहा टक्के स्वस्त का देईना.

कोल्हापूरचा पुरवठादार बिलात आयजीएसटी लावेल, कारण त्याचा जीएसटी नंबर महाराष्ट्राच्या 27 ने सुरू होतो आणि आपला कर्नाटकाच्या 29 ने. नियमित नोंदणी असेल तर त्याचंही क्रेडिट मिळतं, त्याला घाबरून बिनबिलाचा माल घेऊ नका. 22 सप्टेंबर 2025 पासून वाहनांच्या सुट्या भागांवर सरसकट 18 टक्के जीएसटी आहे. पूर्वी 28 टक्क्यांत असलेले जिन्नस बिलिंगमध्ये अजून जुन्या दराने पडलेले नाहीत ना, ते एकदा तपासा.

आता चुकीच्या पार्टचे 17 तास. फोनवर “2016 च्या वॅगनआरचे पॅड द्या” असं सांगितलं की हे होणारच. एकाच मॉडेलमध्ये वर्षाप्रमाणे, एबीएस असण्या-नसण्याप्रमाणे, सीएनजीप्रमाणे पार्ट बदलतात. गाडी आत आली की जॉब कार्ड लिहितानाच चासी नंबरचा फोटो काढा आणि दुकानाला तोच पाठवा. दुकानदाराकडून पार्ट नंबर लेखी मागा. डावा-उजवा, पुढचा-मागचा हे शब्दात लिहा. आणि आलेला पार्ट काउंटरवरच पाकीट फोडून जुन्याशी लावून बघा, मेकॅनिकच्या हातात जाण्याआधी.

नकली मालाबद्दल थोडं. फिल्टर, पॅड, स्पार्क प्लग आणि ऑइल यांत तो सगळ्यात जास्त फिरतो. पाकिटावरची छपाई पसरट, लेबलवर पार्ट नंबर आहे पण एमआरपी किंवा उत्पादनाची तारीख नाही, फिल्टरच्या आतल्या कागदाच्या घड्या वेड्यावाकड्या, रबर रिंग कडक, ही ढोबळ लक्षणं. पण खरी खात्री पाकिटावरून होत नाही, पक्क्या बिलाने आणि नेहमीच्या वितरकाकडून घेतल्यानेच होते. कंपनीचा ओरिजिनल पार्ट आणि बाजारातला चांगल्या कंपनीचा पार्ट, दोन्ही प्रामाणिक असू शकतात. फक्त कुठला लावला ते बिलात लिहा.

हंगामाचं गणित आपल्याकडे स्पष्ट आहे. खानापूर, कणकुंबी, चोर्ला घाट, आंबोली या पट्ट्यातला पाऊस म्हणजे वायपर, ब्रेक, गंजलेल्या कॅलिपर पिना आणि पाणी शिरलेले व्हील बेअरिंग. वायपर आणि पिनांचे बूट मेच्या मध्यापर्यंत भरून ठेवा, जूनमध्ये सगळेच मागतात. दिवाळीच्या सुमारास उसाचा हंगाम सुरू झाला की कारखान्यांच्या रस्त्यांवरची धूळ आणि पाचोळा एअर फिल्टर लवकर भरतो. गोठ्याशेजारी, उसाच्या फडाजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांची वायरिंग उंदीर कुरतडतात, त्यासाठी वायर, पिना आणि कनेक्टर हाताशी असू द्या.

सहा महिने न हललेल्या नगावर लाल ठिपका लावा. परत घेण्याचं पुरवठादाराशी आधीच बोलून ठेवलेलं असेल तर परत करा, नसेल तर खरेदीच्या भावात काढा. खणात ठेवून त्याचा भाव वाढत नाही.

होकार: उघडण्याआधी घ्यायचा

गिऱ्हाइकाच्या वाटेचे 30 तास बघितले की विश्वास हा किती रोकडा विषय आहे ते कळतं. अंदाजपत्रक तोंडी असतं, गाडी उघडल्यावर आणखी काहीतरी निघतं, फोन लावला तर माणूस शेतात, बाजारात किंवा गोव्याला. फोन लागला तरी “घरात विचारून सांगतो” म्हणतो, कारण पहिला आकडा वेगळा होता.

एक काम अथपासून इतिपर्यंत बघू. जांबोटीकडची एक वॅगनआर आली, तक्रार “चढाला ओढत नाही.” इथे थेट क्लच लिहू नका. मेकॅनिक गिऱ्हाइकाला शेजारी बसवून चक्कर मारतो, चौथ्या गिअरमध्ये हळू वेगावर ॲक्सिलरेटर दाबतो. इंजिनचा आवाज चढतो पण गाडी त्या मानाने पळत नाही, तर क्लच घसरतोय. आवाजही चढत नाही आणि गाडीही ओढत नाही, तर शोध दुसरीकडे घ्यायचा: एअर फिल्टर, इंधन, इग्निशन, कधी अडकलेला ब्रेक. गिऱ्हाईक शेजारी असताना हे दाखवलं की निम्मं बोलणं वाचतं.

मग केबलचा फ्री प्ले बघा. केबल ताणलेली असेल तर प्लेट न बदलताच काम होऊ शकतं, आणि असं शंभर-दोनशे रुपयांत परत पाठवलेलं गिऱ्हाईक पुढच्या वेळी पाव्हण्याची गाडीही घेऊन येतं. प्लेटच गेली असेल तर कागद काढा. त्यावर आधी नक्की लागणारं: क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, गिअर ऑइल, मजुरी. त्याखाली रेघ मारून ‘उघडल्यावर निघू शकेल’ असं लिहा आणि त्यात तीनच गोष्टी: क्रँकचं मागचं ऑइल सील, ड्राइव्ह शाफ्टची सीलं, फ्लायव्हीलची घासाई. प्रत्येकापुढे रक्कम. मग सांगा:

“काका, वरचं एवढं नक्की. खालचं उघडल्यावरच कळेल. सगळं निघालं तरी जास्तीत जास्त इतकं. त्याच्या आत असेल तर काम करू का, की परत फोन करू?”

“आत असेल तर करा की. वर गेलं तर मात्र विचारा.”

एवढं त्याच्याच सहीने कागदावर आलं की फोनची वाट संपली. ही पूर्वपरवानगीची रक्कम फुगवून लिहू नका. गिऱ्हाइकांना वरच्या आकड्याजवळची बिलंच वारंवार जायला लागली तर दोन महिन्यांत गावभर होतं.

उघडल्यावर सील तेल गाळताना दिसलं तर तिथेच फोटो काढा, त्यात गाडीचा नंबर किंवा जॉब कार्ड दिसलं पाहिजे. नुसत्या काळ्या तेलकट भागाचा फोटो कुणाच्याही गाडीचा असू शकतो, हे गिऱ्हाइकालाही कळतं. जुने पार्ट पिशवीत घालून डिकीत ठेवा, “नको” म्हणाला तरी एकदा उघडून दाखवा. जळालेल्या क्लच प्लेटला एक उग्र वास असतो, आणि रिव्हेटपर्यंत झिजलेली प्लेट नव्या प्लेटशेजारी धरली की फरक लहान मुलालाही दिसतो.

बाकी दिसलेल्या दोषांसाठी अंदाजपत्रकावर वेगळे दोन भाग ठेवा. ‘आत्ता करा’मध्ये फक्त ब्रेक, स्टिअरिंग, टायर, तेलगळती अशा धोक्याच्या गोष्टी. ‘तीन महिन्यांत बघा’मध्ये लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड यांसारखं. खानापूर-जांबोटीच्या रस्त्यांवर चालणाऱ्या गाडीचे बुश थोडे मऊ लागणारच. ते ‘आत्ता करा’मध्ये घुसवणारे मेकॅनिक असतात, त्यांना काउंटरवरच थांबवावं लागतं.

भाषेचं इथे फार अवघड नाही. एकाच दिवशी मराठी, कन्नड, उर्दू, कोंकणी बोलणारी माणसं येतात आणि मेकॅनिक सगळ्यांशी बोलतो. पण बोलणं आणि लिहिणं यांत फरक आहे. अंदाजपत्रकाचे छापील मथळे मराठी आणि कन्नड दोन्हींत ठेवा, म्हणजे वाचता न आल्यामुळे सही राहत नाही. चंदगड-गडहिंग्लजकडच्या एमएच-09 गाड्या आणि गोव्याच्या गाड्या आपल्याकडे येतात. परगावच्या माणसाला दर वेगळा लागतो हा संशय त्यांच्या मनात असतोच. मजुरीचा दरतक्ता भिंतीवर लावला की तो बोलायची वेळ येत नाही. पलीकडची टॅक्सी कंपनी तिच्या 27 च्या नंबरवर बिल मागत असेल तर कर कसा लावायचा, ते करसल्लागाराला एकदा विचारून बिलिंगमध्ये कायमचं बसवून घ्या. दर वेळी काउंटरवर वाद नको.

परत आलेल्या गाडीची वही वेगळी ठेवा. तारीख, काम कुणी केलं, आणि परत येण्याचं कारण चारांपैकी एक: पार्ट खराब, काम कच्चं, निदान चुकलं, किंवा तक्रार आपल्याला नीट कळली नाही. शेवटचं कारण अपेक्षेपेक्षा जास्त वेळा निघतं. “आवाज येतोय” एवढंच लिहिलेलं जॉब कार्ड त्याला जबाबदार असतं. आवाज कधी येतो, गार असताना की गरम, वळताना की खड्ड्यात, हे तीन प्रश्न कार्डावरच छापा.

कसब: सगळ्या गाड्या एकाच माणसापाशी का थांबतात

मोठ्या मिस्त्रीच्या वाटेचे 22 तास. दोघे मेकॅनिक काम जाणतात, पण स्कॅनर लावायचा, वायरिंग शोधायची, इंजिनचा आवाज ओळखायचा म्हटलं की सगळे मिस्त्रीकडे बघतात. मिस्त्री त्याच वेळी दुसऱ्या गाडीखाली.

भिंतीवर एक तक्ता करा. उभे चार जण, आडवी कामं: सर्व्हिस, ब्रेक, सस्पेन्शन, क्लच, टायमिंग, कूलिंग, एसी, स्टार्टर-अल्टरनेटर, स्कॅनिंग, वायरिंग. प्रत्येक चौकोनात 0 ते 3. 0 म्हणजे येत नाही, 1 म्हणजे सोबत कुणी हवं, 2 म्हणजे एकट्याने होतं, 3 म्हणजे दुसऱ्याला शिकवतो. ज्या कामाच्या ओळीत एकच माणूस 2 किंवा 3 वर आहे, ते काम धोक्यात आहे. तो लग्नाला गेला की बे बंद. आपल्या उदाहरणात स्कॅनिंग आणि वायरिंग अशी निघाली. एका वेळी एकच काम निवडा आणि एकाच माणसाला वर आणा. दोन महिन्यांत सगळ्यांना सगळं, असला कार्यक्रम टिकत नाही.

स्कॅनिंग शिकवताना पहिली गोष्ट डोक्यातून काढायची, की स्कॅनरवर दिसणारा कोड म्हणजे बदलायचा पार्ट. इंजिन अडखळतंय आणि स्क्रीनवर P0302 आलं. याचा अर्थ दुसरा सिलिंडर नीट पेटत नाही, एवढाच. कॉइल, प्लग, इंजेक्टर, वायर, कॉम्प्रेशन, कशानेही होईल. शिकाऊ मेकॅनिकला सांगायचं: कोड पुसून टाक, दुसऱ्याची कॉइल तिसऱ्याला लाव, तिसऱ्याची दुसऱ्याला, चक्कर मार. आता P0303 आलं तर दोष कॉइलबरोबर सरकला, कॉइल बदल. परत P0302 च आलं तर कॉइल चांगली आहे, प्लग तसाच अदलाबदल करून बघ. दहा मिनिटांची ही रीत कागदावर लिहून स्कॅनरच्या पेटीत ठेवली की मिस्त्रीला हाक मारायची गरज अर्धी होते, आणि चांगली कॉइल बदलून गिऱ्हाइकाला बिल देणंही थांबतं. अशीच एक-एक पानाची रीत ‘स्टार्ट होत नाही’, ‘गरम होते’, ‘बॅटरी उतरते’ यांसाठी मिस्त्रीकडून लिहून घ्या. तो सांगेल, तुम्ही लिहा. मिस्त्री स्वतः लिहील ही आशा सोडा.

1 एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 डिझेल गाड्यांमध्ये एक तक्रार नव्याने वाढली आहे. गावातून डेअरीपर्यंत आणि परत एवढंच चालणाऱ्या गाडीचा डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, काजळीने भरतो आणि दिवा लागतो. हा फिल्टर स्वतःला जाळून साफ करतो, पण त्यासाठी गाडी काही वेळ सलग आणि गरम चालावी लागते. दिवा नुकताच लागला असेल तर कंपनीच्या पुस्तकात दिल्याप्रमाणे महामार्ग 48 वर संकेश्वरच्या दिशेने सलग वेगात चालवल्याने तो बऱ्याचदा जातो. दुर्लक्ष केलं की स्कॅनरने जाळावा लागतो, आणि त्याही पुढे गेलं की काम मोठं होतं. अशा गाडीत कमी राखेचं, कंपनीने सांगितलेल्या दर्जाचंच ऑइल लागतं. दुकानातलं नेहमीचं डिझेल ऑइल ओतलं तर डीपीएफ लवकर चोंदतो. दोघांही मेकॅनिकना हे माहीत असलंच पाहिजे, कारण ऑइल बदलताना मिस्त्री तिथे नसतो.

काही कसब गॅरेजमध्ये आणूच नये. हेड फेसिंग, रिबोअर, क्रँक ग्राइंडिंग, फ्लायव्हील घासणं, यासाठी बेळगावात उद्यमबागसारखा कारखान्यांचा भाग शेजारी असताना स्वतः मशीन घेणं परवडत नाही. तिकडे माल देताना मात्र तारीख आणि वेळ लेखी घ्या.

नवीन माणूस आयटीआयच्या मोटार मेकॅनिक ट्रेडचा घेता आला तर बघा. केंद्राच्या अप्रेंटिस योजनेत चार किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनाला शिकाऊ उमेदवार घेता येतो. पण त्याला वर्षभर नुसतं धुलाईला लावलं तर तो जाणारच, त्याच्या नावाचा उभा रकाना तक्त्यात पहिल्या दिवसापासून असू द्या. आणि कमिशन गाड्यांच्या संख्येवर देऊ नका. परत आलेली गाडी वजा करून दिलं, तर नट घट्ट केला का हे बघायला सांगावं लागत नाही.

बे: कुठली गाडी वर जाईल, कुठली नाही

आता राहिलेलं सोपं आहे, फक्त कडक पाळायला हवं. प्रत्येक जॉबला नंबर लिहिलेला एक ट्रे करा. नक्की लागणारे सगळे पार्ट ट्रेमध्ये आले आणि कागदावर सही झाली, तरच गाडी लिफ्टवर. तोवर ती चाकांवर, अंगणात. “तोपर्यंत गिअरबॉक्स उतरवून ठेवतो” हे वाक्य गॅरेजमध्ये चालू देऊ नका. घाईत उघडलेली एक गाडी दुसऱ्या तिघांचा दिवस खाते.

लिफ्टचा बे फक्त त्या कामांना, जी लिफ्टशिवाय होत नाहीत: क्लच, एक्झॉस्ट, सस्पेन्शन. ऑइल-फिल्टरची सर्व्हिस खड्ड्यावर. एसी, वायरिंग, स्कॅनिंग सपाट बेवर किंवा सावलीत अंगणातच. इंजिनचं हेड उद्यमबागला गेलं की ती गाडी त्याच दिवशी ढकलून बाजूला घ्या, चाकं आणि स्टिअरिंग जागेवर असतील तर ती हलते. दोन दिवस हेड येणार नाही हे माहीत असून तिला लिफ्टवर ठेवण्यात काहीच अर्थ नाही.

एक पांढरा बोर्ड, तीन ओळी, सकाळ आणि दुपार असे दोन रकाने, पुढच्या तीन दिवसांचे. प्रत्येक दुपारी लिफ्टचे दोन तास मोकळे सोडा. ब्रेकडाउन येतंच, आणि आलं नाही तर अंगणातली तयार ट्रे असलेली गाडी वर घ्या. गणपती आणि दिवाळीच्या आधीचा आठवडा, माघ पौर्णिमेला सौंदत्तीला जाणाऱ्यांची गर्दी, या दिवसांत बोर्डावर मोठी कामं घेऊ नका. तेव्हा सर्व्हिस आणि ब्रेक तपासणीच रांगेत असते. संध्याकाळी पाचला मालक आणि मिस्त्री बोर्डापुढे उभे राहून एकच गोष्ट ठरवतात: उद्या सकाळी नऊला कुठल्या बेवर कुठली गाडी, तिचा ट्रे भरलाय का. नसेल तर दुकानं उघडी असतानाच फोन होतो.

ही घडी बसायला दोन महिने द्या आणि मग परत बारा दिवसांची वही भरा. पहिली वही मार्चमध्ये भरली असेल तर दुसरी जूनमध्ये भरून तुलना करू नका, पावसाळ्यात कामाची जातच बदलते. पुढच्या मार्चची वाट बघा किंवा दोन्ही वह्या एकाच हंगामात बसवा. ‘प’ कमी होऊन ‘र’ वाढला तर काम खरंच कमी आहे, लिफ्ट घेऊ नका, दरतक्ता आणि गिऱ्हाईक बघा. ‘म’ तसाच राहिला तर तक्त्यातला माणूस अजून वर आलेला नाही. आणि काम 80 टक्क्यांच्या वर, सगळ्या वाटा मिळून दहा टक्क्यांच्या आत, असं पावसाळ्यात आणि उसाच्या हंगामात दोन्हीकडे निघालं, तर बँकेत जाऊन दुसऱ्या लिफ्टचं कर्ज काढा.